लग्नपत्रिकेवरील मंगलवचन : दोन घरे, एक ओळ



आपल्या वस्तीत लग्न ठरले की पत्रिकेचा मजकूर लिहून घेण्यासाठी माणसे शाळामास्तराकडे येतात. दोन्ही घरे बौद्ध असली तर काम सोपे असते. परंतु पुष्कळदा एका घराने दीक्षा घेतलेली असते आणि सोयऱ्याच्या घरात अजून जुने देव्हारे असतात. अशा वेळी पत्रिकेच्या माथ्यावर कोणती ओळ घालावी, यावरून ठरलेली सोयरीक मोडायची वेळ येते. मागच्या उन्हाळ्यात मी पाहिलेल्या अशाच एका प्रसंगावरून हा पाठ लिहीत आहे.

मुलाचे घर बौद्ध. मुलाच्या वडिलांनी अलीकडेच सहकुटुंब दीक्षा घेऊन बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या होत्या. मुलीचे घर पंढरपूरकडचे माळकरी. तिच्या आजीच्या गळ्यात तुळशीची माळ आणि दरवर्षीची वारी. पत्रिका दोघांची मिळून एकच छापायची होती. माथ्यावर "श्री विठ्ठल प्रसन्न" असावे, असा मुलीकडचा आग्रह होता. मुलाचे वडील मला म्हणाले, "गुरुजी, खाली निमंत्रक म्हणून माझे नाव. वर देवाचे नाव छापले तर माझी प्रतिज्ञा कुठे राहिली?"

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील पहिल्या तीन ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण आणि गौरी-गणपती यांना देव न मानण्याच्या व त्यांची उपासना न करण्याच्या आहेत. माथ्यावरची ओळ ही नुसती नक्षी नसते. खाली ज्याचे नाव, त्याच्या तोंडचे ते वचन असते. पण आजीचेही खरेच होते. आयुष्यभर ज्याचे नाव घेतले, ते नातीच्या लग्नात पुसून टाका म्हटले तर तिला ते लागणारच.

छापखानेवाल्याने पहिला तोडगा सुचवला : डावीकडे "श्री विठ्ठल प्रसन्न", उजवीकडे "नमो बुद्धाय". पुष्कळ जण असेच करतात. परंतु याने प्रश्न सुटत नाही. दोन्ही ओळी दोन्ही निमंत्रकांच्या नावे जातात, म्हणजे प्रत्येकाच्या तोंडी दुसऱ्याचे नमन येते. दुसरा तोडगा मुलीच्या मामांचा : "ईश्वरकृपेने व बुद्धकृपेने". हा तर दोन्ही बाजूंनी चुकीचा. भगवान बुद्ध कृपा वाटणारे नव्हेत. ते मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले आहे.

मग मी दोघांनाही एक साधी व्याकरणाची गोष्ट दाखविली. पत्रिकेवरच्या ओळी दोन जातीच्या असतात. 'प्रसन्न', 'कृपेने', 'नमः' हे शब्द आले की कोणीतरी देणारा आला आणि त्याच्यापुढे वाकणेही आले. 'होवो', 'नांदो', 'लाभो' हे शब्द आले की ती माणसाने माणसासाठी केलेली इच्छा होते. आपण वंदनेच्या शेवटी पालीत 'भवतु' म्हणतो, त्याचा अर्थही 'होवो' असाच आहे. देव मानणाऱ्याने ती इच्छा मनात आपल्या देवाला सांगावी. न मानणाऱ्याने ती आपल्या आचरणाने खरी करावी. कोणालाच खोटे बोलावे लागत नाही.

आता इच्छा कसली करावी? येथे दोन्ही घरांत आधीपासून असलेला शब्द शोधावा. आम्हाला असे दोन शब्द सापडले. पहिला 'मंगल'. लग्नात मंगलाष्टके म्हणणाऱ्यांना तो ठाऊक आहेच. आपल्याकडे विवाहात मंगलसुत्त म्हणतात. मंगल कशात आहे, या प्रश्नाला भगवंतांनी तेथे मुहूर्त किंवा ग्रह सांगितले नाहीत. आईवडिलांची सेवा, पत्नी व मुलांचा सांभाळ, निर्दोष काम अशी आचरणाची मंगले सांगितली. दुसरा शब्द 'मैत्र'. आपली मेत्ता ती हीच. आणि ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या पसायदानातही सर्व जीवांमध्ये परस्परांचे मैत्र पडावे, अशीच मागणी आहे. माळकरी घराला हा शब्द शिकवावा लागत नाही.

तिसरी गोष्ट मी माझ्याकडून मांडली. मुलीकडच्यांच्या कच्च्या मजकुरात "अखंड सौभाग्यवती भव" असे होते. हा आशीर्वाद एकट्या वधूला आहे, आणि तिचे सारे भाग्य नवऱ्याच्या आयुष्याला बांधणारा आहे. सिगालोवाद सुत्तात पतीची पत्नीविषयी पाच कर्तव्ये सांगितली आहेत आणि पत्नीचीही पाच. पतीने तिचा मान राखावा, अवमान करू नये, एकनिष्ठ असावे, घरातील अधिकार तिच्या हाती द्यावा, दागिना-वस्त्र द्यावे. कर्तव्ये जर दोघांना, तर मंगलवचनही दोघांना हवे. हे मुलीच्या आईला सर्वांत आधी पटले.

शेवटी ओळ ठरली ती अशी :

"उभयतांचे मंगल होवो, दोन्ही घरांत मैत्र नांदो."

सात शब्द. याहून लांब ओळ पत्रिकेच्या माथ्यावर बारीक अक्षरात जाते आणि कोणी वाचत नाही. ओळ कागदावर ठेवून भागत नाही. दोन्ही घरांतील वडीलधाऱ्यांकडून ती मोठ्याने वाचून घ्यावी. जिथे जीभ अडखळते, तिथे काहीतरी खुपत असते. आजीला वाचता येत नव्हते, म्हणून नातीने दोनदा वाचून दाखविली. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, यात इठ्ठलाचं नाव न्हाई. पर त्याला नको म्हणलेलं बी न्हाई. चालंल." मुलाच्या वडिलांनी तीच ओळ वाचली आणि खाली सही केली.

काम येथे संपले असे समजू नका. पहिले प्रूफ आले तेव्हा आमची ओळ माथ्यावर होती, पण मजकुराची सुरुवात "आमचे येथे श्रीकृपेकरून" अशीच होती. छापखान्याच्या ठरीव मजकुरात ते आपोआप येते. आम्ही तेथे "आमचे येथे उभय कुटुंबांच्या संमतीने" असे घातले. पाकिटावर गणपतीची सोनेरी उठावाची छाप आधीच होती. तयार कोऱ्या पत्रिका घेताना ती पाहून घ्यावी, कारण नंतर ती काढता येत नाही. मुलाच्या आजोबांच्या नावामागे 'कै.' होते. त्याचा अर्थ कैलासवासी. तेथे आपण 'कालकथित' लिहितो. मुलीच्या आजोबांमागे मात्र त्यांच्या घराच्या इच्छेप्रमाणे 'कै.' तसेच ठेवले. ज्याचा माणूस, त्याचा शब्द.

एक मर्यादाही सांगतो. ही ओळ माथ्याचा तंटा मिटवते, विधीचा नाही. विवाह बौद्ध पद्धतीने होणार, हे येथे दोन्ही घरांनी आधीच मान्य केले होते, आणि तसे पत्रिकेत स्वच्छ छापले. जेथे विधीच ठरलेला नाही, तेथे गोड ओळ घालून तो झाकू नये. मांडवात तो उघडा पडतो. आणि एखाद्या घराला देवाच्या नावावाचून पत्रिका नकोच असेल, तर दोघांनी आपापली वेगळी पत्रिका छापावी. आपल्याकडे ती जुनी रीत आहे आणि तिच्यात कोणाचा कमीपणा नाही. स्थळ, तारीख, वेळ आणि विधी मात्र दोन्ही पत्रिकांत अक्षरशः एकच असावेत.

अभ्यासासाठी : आपल्या घरातील एखादी जुनी पत्रिका काढा. तिच्यात 'कृपेने', 'प्रसन्न', 'नमः' हे शब्द कोठे कोठे आहेत, त्याखाली रेघ ओढा. मग त्या प्रत्येक ठिकाणी 'होवो' म्हणून काय लिहिता येईल, ते घरातील सर्वांनी मिळून ठरवा.