घड्याळातील आकडा आणि त्याचा उजेड

नमाजच्या वेळेची डिजिटल घड्याळे बनवणाऱ्या आपल्या कारागिरांना माहितीपत्रकातील छायाचित्रात कधी वेळ बदलावी लागते. समजा, असरच्या जमातीची वेळ ५:१५ ऐवजी ५:४५ दाखवायची आहे. तयार फाँटमधला ४ चिकटवला तर तो रंगवल्यासारखा दिसतो. १ च्या दोन पट्ट्या पेटलेल्याच असतात. ४ ला आणखी दोनच हव्यात. आम्ही शेजारच्या ५ मधली डावी वरची व मधली पट्टी, भोवतालच्या लाल उजेडासह, मऊ कडेने उचलून फोटोशॉपमध्ये १ च्या जागी Screen पद्धतीने ठेवतो. त्यामुळे काळा भाग विरतो, उजेड उरतो. चौकोनी डाग दिसल्यास Levels मध्ये त्या थराचा काळा गडद करावा. चौकटीवर आकड्यांचे प्रतिबिंब पडले असेल, तर तेही बदलावे. गिऱ्हाइकाला खोट तिथेच दिसते.