पैसे मोजण्याआधी बायॉस उघडा

भाच्याच्या कॉलेजसाठी आम्ही एक जुना, दणकट लॅपटॉप घेतला. कुठल्याशा कंपनीने वापरून विकायला काढलेला. जुनी डिस्क काढून नवी कोरी एसएसडी घातली, पेनड्राइव्हवरून विंडोज टाकलं. थोड्याच दिवसांत टास्क मॅनेजरमध्ये rpcnet.exe नावाचं काहीतरी चालू दिसलं. भाच्याने फाइल उडवली. लॅपटॉप बंद करून सुरू केला, तर ती पुन्हा हजर. दुकानदार म्हणाला, "साहेब, व्हायरस असेल, परत फॉरमॅट मारून देतो."

फॉरमॅटने काही होणार नव्हतं, कारण ती फाइल डिस्कवरून येतच नव्हती. ती येत होती मदरबोर्डवरच्या बायॉसच्या चिपमधून. कॅनडातल्या ॲब्सोल्यूट सॉफ्टवेअर या कंपनीचं चोरीविरोधी मॉड्यूल डेल, एचपी, लेनोवोसारखे उत्पादक कारखान्यातच चिपमध्ये घालून ठेवतात. पूर्वी त्याचं नाव कॉम्प्युट्रेस होतं. लॅपटॉप सुरू होताना हे मॉड्यूल आपला एक छोटा प्रोग्रॅम विंडोजमध्ये पेरतं. जुन्या पद्धतीत तो autochk.exe या विंडोजच्याच फाइलच्या जागी जाऊन बसायचा. नव्या पद्धतीत बायॉसने पुढे केलेला प्रोग्रॅम विंडोज स्वतःच चालवतं. मग हा छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवरून पूर्ण एजंट उतरवून घेतो. एजंट ठरावीक काळाने आपला ठावठिकाणा कळवतो, आणि मालकाने सांगितलं तर लॅपटॉप गोठवतो किंवा त्यातला डेटा पुसतो.

अडचण ‘मालक’ या शब्दापाशी आहे. एजंटच्या लेखी मालक म्हणजे ज्याने ही सेवा घेतली तो; दुकानाची पावती तो बघत नाही. अमेरिकेत ओहायोमध्ये 2008 साली एका शिक्षिकेने विद्यार्थ्याकडून 60 डॉलरला लॅपटॉप घेतला. तो चोरीचा होता. त्याचा शोध घेणाऱ्या ॲब्सोल्यूटच्या माणसाने तिचे खासगी संवाद आणि चित्रं टिपून पोलिसांना दिली. तिने दावा लावला, आणि 2011 मध्ये न्यायाधीशांनी तो पुढे चालवण्याजोगा ठरवला. चोरी पकडणं रास्तच, पण तेवढ्यासाठी हे जरा अतीच झालं.

आमच्या लॅपटॉपच्या बायॉसमध्ये Security खाली Computrace समोर Activated लिहिलेलं होतं, आणि पर्याय राखाडी, बदलता न येणारा. दुकानदाराला तो पडदा दाखवला तेव्हा त्याने माल पुरवणाऱ्याला फोन लावला. लॅपटॉप चोरीचा नव्हता. मूळ कंपनी विकताना आपल्या यादीतून तो काढायला विसरली होती. त्यांच्या आयटीवाल्याने यादीतून नाव काढलं, आम्ही लॅपटॉप इंटरनेटला जोडून ठेवला, आणि एजंट आपणहून निघून गेला. एवढाच सरळ मार्ग आहे. बाकी बायॉस फ्लॅश करणाऱ्यांच्या नादी लागलात तर मदरबोर्ड गमावण्याची तयारी ठेवा.

म्हणून दुकानातच, पैसे देण्याआधी, सुरू होताना डेलला F2, थिंकपॅडला F1, एचपीला F10 दाबून Security पाहा. Activated असेल तर विकणाऱ्यालाच ते काढून आणायला सांगा. आधीच घेतला असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये बघा:

```
sc query rpcnet
```

सेवा RUNNING दिसली तर एजंट जागा आहे. काहीच सापडलं नाही तरी बायॉस पाहाच, कारण लिनक्स टाकलेल्या लॅपटॉपवर हा एजंट उगवत नाही, पण चिपमधली नोंद तशीच राहते आणि विंडोज टाकल्यावर डोकं वर काढते.

आता मॉड्यूल नुसतंच आहे, कोणी सुरू केलेलं नाही, अशा लॅपटॉपचं काय? जुन्या डेलमध्ये तीन पर्याय दिसतात: Deactivate म्हणजे झोपलेलं, Activate आणि Disable. शेवटचे दोन एकदा निवडले की बायॉसमधून परत फिरता येत नाही. झोपलेलं मॉड्यूल निरुपद्रवी, असं कंपन्या म्हणतात. पण 2014 मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांना ते मालकांनी कधीच सुरू न केलेल्या संगणकांवर चालू सापडलं, आणि त्याचं सर्व्हरशी बोलणं नीट सुरक्षितही नव्हतं. 2018 मध्ये याच एजंटच्या बदललेल्या प्रती हॅकरांच्या सर्व्हरशी बोलताना आढळल्या.

माझं मत स्पष्ट आहे. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर हात लावू नका. तो त्यांचा आहे. स्वतःचा असेल आणि ही सेवा पुढेमागे विकत घ्यायचा विचार असेल तर Deactivate वर राहू द्या. विचार नसेल तर कायमचं Disable करा आणि चोरीच्या भीतीसाठी बिटलॉकर चालू ठेवा. त्याने लॅपटॉप परत मिळणार नाही, पण चोराला तुमचा डेटाही मिळणार नाही.