महाराजांचे वय, गाळलेले अकरा दिवस आणि फसली दाखले

प्रश्न : मी देगलूरला माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० आणि निधन ३ एप्रिल १६८० असे आम्ही मुलांना सांगतो. एका पुस्तकात मात्र जन्म १ मार्च १६३० दिलेला आढळला. इंग्रजांनी मध्येच अकरा दिवस गाळले होते, असेही वाचले. मग वय काढताना ते दिवस वजा करायचे का? आणि आमच्याकडच्या निजामी काळातल्या फसली तारखांचे काय?
— एक वाचक, देगलूर

उत्तर : महाराजांचे वय काढताना काहीही वजा करायचे नाही. अट एवढीच, की जन्म आणि निधन या दोन्ही तारखा एकाच गणनेतल्या हव्यात.

१९ फेब्रुवारी आणि १ मार्च हा एकच दिवस आहे. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये पंचांग सुधारले, तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आला. पोर्तुगाल आणि स्पेन यांनी ते लगेच स्वीकारले. इंग्रजांनी मात्र १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन गणनाच चालवली. त्यामुळे सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतला इंग्रज आणि त्याच गावातला डच एकाच दिवशी पत्र लिहायला बसले, तर त्यांच्या तारखांत दहा दिवसांचे अंतर पडे. १७०० नंतर ते अकरा झाले. आपल्याकडे रूढ असलेल्या शिवकालीन इंग्रजी तारखा बहुतेक जुन्या गणनेतल्या आहेत. १९ फेब्रुवारीही तशीच आणि ३ एप्रिलही.

आता हिशेब करू. जुन्या गणनेने १९ फेब्रुवारी १६३० ते ३ एप्रिल १६८० हे अंतर १८,३०६ दिवसांचे. नव्या गणनेने १ मार्च १६३० ते १३ एप्रिल १६८० मोजा, तेही १८,३०६ दिवसच भरतात. म्हणजे पन्नास वर्षे पूर्ण आणि वर सुमारे दीड महिना. घोटाळा होतो तो एका पुस्तकातून १ मार्च आणि दुसऱ्यातून ३ एप्रिल उचलल्यावर. तसे केले की आयुष्यातले दहा दिवस हिशेबातून नाहीसे होतात.

तारीख कोणत्या गणनेतली हे ओळखायला वारासारखे साधन नाही, कारण सुधारणेत तारखा गाळल्या गेल्या, वारांचा क्रम तुटला नाही. जेधे शकावलीत जन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. जुन्या गणनेची १९ फेब्रुवारी १६३० शुक्रवारीच येते. तीच तारीख नव्या गणनेतली समजली तर मंगळवार येतो. वार जुळला नाही की आपण चुकीच्या गणनेत शिरलो हे कळते.

पण वयाला खरा दगाफटका दिवसांनी होत नाही, वर्षारंभाने होतो. इंग्रजांचे सरकारी वर्ष त्या काळी २५ मार्चला सुरू होई. महाराज जानेवारी १६६४ मध्ये सुरतेवर चालून गेले. वखारीतल्या इंग्रजांच्या लेखी ते साल अजून १६६३ च होते, म्हणून त्यांच्या कागदांत कधी १६६३, तर कधी १६६३/४ असे दुहेरी साल दिसते. नुसते १६६३ पाहून ती तारीख जानेवारी १६६३ ची समजली आणि जन्मतारीख वजा केली, तर महाराज तेव्हा बत्तीस वर्षांचे ठरतात. खरे वय तेहतीस वर्षे आणि दहा महिन्यांहून थोडे अधिक होते.

हीच ठेच आपल्या शकगणनेतही लागते. जन्म शके १५५१ चा, निधन शके १६०२ चे. वजाबाकी एक्कावन येते! पण जन्म फाल्गुनातला, म्हणजे वर्ष सरता सरता झालेला, आणि निधन चैत्र शुद्ध पौर्णिमेचे, म्हणजे नवे वर्ष लागून पंधरवडाच झालेला. तिथीने पन्नासावा वाढदिवस शके १६०१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेला पुरा झाला आणि त्यावर फक्त सत्तावीस तिथी गेल्या.

आता त्या अकरा दिवसांकडे वळू. ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने १७५२ मध्ये बुधवार, २ सप्टेंबरनंतर गुरुवार, १४ सप्टेंबर आला. त्याच कायद्याने वर्षारंभ १ जानेवारीला नेला, त्यामुळे १७५१ हे इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होऊन ३१ डिसेंबरला संपले. हा कायदा राजाच्या आशियातल्या मुलखालाही लागू होता, म्हणून मुंबईतल्या इंग्रजांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी वाचताना तो ध्यानात ठेवावा लागतो. एखाद्या मुलाचा जन्म १० फेब्रुवारी १७५० चा आणि मृत्यू १० फेब्रुवारी १७५२ चा लिहिला असेल, तर ते मूल दोन वर्षांचे वाटते. सरकारी गणनेत फेब्रुवारी १७५१ आलाच नाही, म्हणून ते एकच वर्षाचे होते.

दिवस वजा करायचे ते फक्त जन्म सुधारणेपूर्वीचा आणि दुसरी घटना नंतरची असेल तेव्हा. ५ जून १७२० ला जन्मलेला माणूस १० जून १७९० ला वारला, तर सत्तरी ओलांडल्यासारखी दिसते. पण त्याची जन्मतारीख नव्या गणनेने १६ जून होते, तेव्हा सत्तरीला सहा दिवस कमीच होते. कायदा करणाऱ्यांनाही हे उमगले होते. १० सप्टेंबर १७३१ चा जन्म असलेल्या मुलाचा एकविसावा वाढदिवस गाळलेल्या दिवसांतच येत होता. कायद्यात तरतूद होती की सज्ञान होण्याचे वय पूर्ण दिवस भरल्यावरच धरावे. म्हणून तो मुलगा २१ सप्टेंबर १७५२ ला सज्ञान ठरला.

तुमच्या देगलूरच्या दाखल्यांत मुख्य अडचण वर्षारंभाची आहे. दख्खनी फसली साल मुळात मृगाला, जूनमध्ये बदले. हैदराबाद संस्थानच्या सरकारी फसलीत मात्र आजूर, दै, बहमन असे फारसी महिने होते आणि वर्ष १ आजूरला, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लागे. पक्का आधार हवा असेल तर हैदराबादचा १९५० चा कूळकायदा पाहा. त्यात फसली १३५३ चा पहिला दिवस ६ ऑक्टोबर १९४३ असा दिला आहे. म्हणून आजूरपासून डिसेंबरअखेर फसलीत ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढे ५९१. आजूर १३४० चा जन्म १९३० च्या ऑक्टोबरातला, तर मेहर १३४० चा १९३१ च्या ऑगस्टमधला. सरसकट ५९० मिळवणाऱ्याकडून मेहरमध्ये जन्मलेल्या माणसाचे वय वर्षभर वाढवले जाते.

त्यातही जुलैची नोंद सर्वांत फसवी. कागदावर फारसी महिना असेल तर जुलै, फसली १३४० म्हणजे १९३१. मराठी महिना आणि तिथी असलेला मृगसालाचा कागद असेल, तर तोच आकडा १९३० चा. म्हणून आधी महिन्याचे नाव वाचा, साल नंतर. महिना फाटला असेल किंवा लिहिलाच नसेल, तर मुलांना एक साल ठोकून सांगू नका. वहीत १९३०-३१ असे जोडसाल लिहा आणि शेजारी मूळ फसली आकडा जसाच्या तसा ठेवा.