हवेचा दाब : हेक्टोपास्कलवरून पाऱ्याचे मिलिमीटर

हवामानाच्या पत्रकात हवेचा दाब हेक्टोपास्कल या एककात दिलेला असतो. शाळा, रोपवाटिका किंवा बीजगुणन प्रक्षेत्र येथे भिंतीवर टांगलेल्या जुन्या वायुभारमापकावर मात्र बहुधा पाऱ्याच्या मिलिमीटरची मोजपट्टी आढळते. एका एककातील आकडा दुसऱ्या एककात कसा मांडावा, हे क्षेत्रीय कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण वर्गात उदाहरणे देऊन शिकविले जाते. गणित अगदी सोपे आहे. असे असूनही या उदाहरणात वारंवार चूक होते, आणि ती गुणाकारात होत नाही, हे दाखविणे हा या लेखाचा हेतु होय.

पुण्यात भरलेल्या अशाच एका वर्गातील प्रसंग सांगतो. फळ्यावर त्या दिवशीच्या पत्रकातील पुण्याचा दाब १००८.० हेक्टोपास्कल असा लिहिला होता. एका प्रशिक्षणार्थ्याने त्याचे ७५६.१ मिलिमीटर हे उत्तर बरोबर काढले. नंतर त्याने भिंतीवरील निर्द्रव वायुभारमापक पाहिला, तो काटा ७०९ वर होता. यंत्र बिघडले आहे असे समजून त्याने मागील बाजूचा स्क्रू फिरविला आणि काटा ७५६ वर आणून ठेवला. नोंदवहीत आदल्या दिवशीपर्यंत ७०९ च्या आसपासचे आकडे होते, त्याखाली ७५६ हा आकडा पडला. स्क्रू फिरविल्याची नोंद कोणी केली नाही. त्यामुळे त्या आठवड्यात दाब चढत होता की उतरत होता, हे नोंदवहीवरून सांगणे अशक्य झाले. यंत्र निर्दोष होते आणि गणितही निर्दोष होते. मग चुकले कोठे, ते क्रमाने पाहू.

एककांचा परस्परसंबंध

एक चौरस मीटर क्षेत्रावर एक न्यूटन बल पडले म्हणजे जो दाब होतो, त्यास पास्कल म्हणतात. असे शंभर पास्कल म्हणजे एक हेक्टोपास्कल. पूर्वीच्या नोंदींत आढळणारा मिलिबार आणि हेक्टोपास्कल यांचे मूल्य एकच असल्यामुळे जुन्या मिलिबारच्या आकड्यात कोणताही बदल करावा लागत नाही.

आता एक चौरस मीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर जाडीचा पाऱ्याचा थर पसरला आहे अशी कल्पना करावी. शून्य अंश सेल्सिअस तपमानास एक घनमीटर पाऱ्याचे वस्तुमान १३,५९५ किलोग्रॅम असते, म्हणून या थराचे वस्तुमान १३.५९५ किलोग्रॅम भरेल. त्यास गुरुत्वाकर्षणाच्या प्रमाणित मूल्याने, म्हणजे ९.८०६६५ ने गुणिले असता १३३.३२ न्यूटन बल येते. अर्थात पाऱ्याचा एक मिलिमीटर म्हणजे १३३.३२ पास्कल, अथवा १.३३३२ हेक्टोपास्कल. उलट बाजूने एक हेक्टोपास्कल म्हणजे ०.७५००६ मिलिमीटर.

हा गुणक जवळजवळ नेमका पाऊण आहे. ज्यांनी लहानपणी पाऊणकी पाठ केली आहे त्यांना कागदाचीही गरज नाही. दिलेल्या आकड्याचा चौथा हिस्सा काढावा व तो मूळ आकड्यातून वजा करावा. पाऊण धरल्याने हजार हेक्टोपास्कलमागे ०.०६ मिलिमीटर एवढीच कसर राहते. अधिक काटेकोर उत्तर हवे असल्यास शेवटी ०.०६ मिळवावे.

उदाहरणार्थ, पुण्यातील यंत्राच्या जागीच मोजलेला दाब ९४५.६ हेक्टोपास्कल आहे असे धरू. त्याचा चौथा हिस्सा २३६.४. तो वजा जाता ७०९.२ उरतात व ०.०६ मिळविल्यावर उत्तर ७०९.३ मिलिमीटर येते. मूळ आकडा एका दशांश स्थळापर्यंत दिलेला असेल, तर उत्तरही एकाच दशांश स्थळापर्यंत ठेवावे. उलट रूपांतर करावयाचे असल्यास मिलिमीटरच्या आकड्यात त्याचाच तिसरा हिस्सा मिळवावा, म्हणजे हेक्टोपास्कल मिळतात.

आकडा कोणत्या पातळीवरचा ?

भिंतीवरील काटा ७०९ वर होता, आणि आताच्या उदाहरणाचे उत्तरही तेच आले. मग पत्रकातील १००८.० हा आकडा कशाचा ? तो समुद्रसपाटीवर आणलेला दाब होय.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तेवढ्या जाडीचा हवेचा थर यंत्राच्या खाली राहतो, त्याचा भार यंत्रावर पडत नाही. समुद्रसपाटीजवळ सुमारे आठ मीटर वर चढले की दाब एक हेक्टोपास्कलने, आणि सुमारे अकरा मीटर चढले की पाऱ्याच्या एक मिलिमीटरने उतरतो. यामुळे मुंबई, पुणे व महाबळेश्वर येथील यंत्रांवरील आकडे जसेच्या तसे शेजारी मांडले, तर त्यांवरून हवामान न कळता केवळ त्या गावांची उंची कळेल. म्हणून वेधशाळा प्रत्येक ठिकाणच्या दाबात खालच्या थराचा भार हिशेबाने मिळविते व नंतरच नकाशावर समभार रेषा काढते. आमच्या उदाहरणात ही भर ६२.४ हेक्टोपास्कल, म्हणजे ४६.८ मिलिमीटर आहे. प्रशिक्षणार्थ्याने स्क्रू फिरवून काटा जेवढा सरकविला, तेवढीच ती आहे.

हा भेद न पाळल्यास किती विपरीत अर्थ निघतो ते पाहावे. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाच्या केंद्रातील दाब सुमारे ९८४ हेक्टोपास्कल होता. पाऊणकीने त्याचे ७३८ मिलिमीटर होतात. पुण्यातील यंत्र मात्र स्वच्छ हवेच्या दिवशीही ७०९ च्या आसपास असते. हे दोन आकडे सरळ ताडून पाहणाऱ्यास पुण्यावर निसर्गाहून भयंकर वादळ घोंगावत असल्याचा भास होईल. खरे पाहता ७३८ हा समुद्रसपाटीवरचा आकडा आहे आणि ७०९ हा डोंगरावरच्या पठाराचा.

तेव्हा रूपांतर करण्यापूर्वी आकड्याशेजारी तो 'स्थानिक' की 'समुद्रसपाटीवरचा' हे लिहून ठेवावे. खूण नसेल तरी आकड्यावरून ओळख पटते. पुण्याएवढ्या उंचीच्या गावासाठी हजाराच्या आसपास हेक्टोपास्कल दिलेले दिसले, तर तो समुद्रसपाटीवर आणलेला दाब आहे असे निश्चित समजावे. निर्द्रव यंत्राचा काटा समुद्रसपाटीच्या दाबास जुळवून ठेवणे हे मुळात चूक नाही, घरगुती यंत्रे पुष्कळदा तशीच जुळविलेली असतात. मात्र जुळणी कोणत्या दिवशी केली आणि काटा किती सरकविला, हे नोंदवहीत लिहिलेच पाहिजे.

पाऱ्याच्या यंत्रातील मिलिमीटर

दुसरी चूक निर्द्रव यंत्रात होत नाही, ती पाऱ्याच्या वायुभारमापकात होते. वर आपण शून्य अंश तपमानाचा पारा आणि गुरुत्वाकर्षणाचे प्रमाणित मूल्य धरून एक मिलिमीटरचा दाब काढला. आपल्या खोलीतील पारा उष्ण असल्यामुळे फुगलेला व हलका असतो, आणि पुण्याचे गुरुत्वाकर्षणही प्रमाणित मूल्याहून थोडे कमी आहे. या दोन्ही कारणांनी तोच दाब तोलण्यास स्तंभ अधिक उंच चढावा लागतो.

पितळी मोजपट्टीच्या यंत्रासाठी तपमानाच्या प्रत्येक अंशास वाचनाचा ०.०००१६३ इतका भाग वजा करतात. समजा वाचन ७१४.० मिलिमीटर आहे आणि यंत्रास जोडलेला तपमापक २७ अंश दाखवितो. तपमानाची वजावट ३.१ येते, राहतात ७१०.९. पुण्याच्या गुरुत्वाकर्षणासाठी सुमारे १.६ वजा केल्यावर ७०९.३ हा खरा स्थानिक दाब मिळतो. यंत्राच्या प्रमाणपत्रात त्याची स्वतःची चूक दिलेली असल्यास तीही येथेच हिशेबात घ्यावी.

या वजावटी न करता ७१४.० चे हेक्टोपास्कल केले तर ९५२.० येतील, म्हणजे खऱ्या दाबाहून सहा हेक्टोपास्कलनी अधिक. कमी दाबाचे क्षेत्र जवळ येऊन दाब काही हेक्टोपास्कलनी उतरला, तरी असा चुकीचा आकडा त्यास पूर्णपणे झाकून टाकील. म्हणून आधी वजावट व मग रूपांतर, हा क्रम कधीही मोडू नये.

उतार मोजताना

शेतीच्या दृष्टीने दाबाच्या आकड्यापेक्षा त्याच्या उतारास अधिक महत्त्व आहे. कापणी झालेले पीक खळ्यावर पसरावे की झाकून ठेवावे, हा प्रश्न असतो तेव्हा काल आणि आज यांतील फरक पाहावा लागतो. फरकासही तोच पाऊण गुणक लागू पडतो. शिवाय त्याच यंत्राच्या दोन दिवसांच्या वाचनांत उंचीचा परिणाम सारखाच असल्यामुळे वजाबाकीत तो निघून जातो.

मात्र एक सावधगिरी बाळगावी. आपल्याकडे दाबाला दररोजची भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला असतो व दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. कोरड्या महिन्यांत हा उतार तीन ते चार हेक्टोपास्कल, म्हणजे सव्वादोन ते तीन मिलिमीटर भरतो. हवा अगदी निरभ्र असतानाही तो होतोच. म्हणून सकाळच्या वाचनाशी दुपारचे वाचन ताडू नये. आज साडेआठचे वाचन काल साडेआठच्या वाचनाशीच ताडावे.

अभ्यासासाठी उदाहरण

एका केंद्रावर सोमवारी सकाळी साडेआठ वाजता स्थानिक दाब ९४८.० हेक्टोपास्कल व मंगळवारी त्याच वेळी ९४३.२ हेक्टोपास्कल होता. दोन्हींचे मिलिमीटर काढून उतार सांगा.

उत्तर : ७११.१ व ७०७.५ मिलिमीटर. उतार ३.६ मिलिमीटर. पडताळा असा की, ४.८ हेक्टोपास्कलची पाऊणपट ३.६ च होते. दोन्ही वाचने एकाच वेळची असल्यामुळे हा दैनंदिन ओहोटीचा उतार नव्हे. चोवीस तासांत एवढा उतार झालेला आढळल्यास त्या दिवशीचे हवामान पत्रक अवश्य पाहावे, आणि पत्रकातील आकडा समुद्रसपाटीवरचा आहे हे ध्यानात ठेवून स्क्रूला हात लावू नये.