तंगडी न फोडता कळेल का?

प्रश्न : घरी पाहुणे आले की दोन किलो कोंबडीचा रस्सा पातेल्यात होतो. शिजलं की नाही हे बघायला मी दोन-तीन लेग पीस फोडून बघते. मग फोडलेले पीस पाहुण्यांच्या ताटात वाढायला नको वाटतं. शिवाय कधीकधी अर्धा तास शिजवूनही हाडाजवळ लाल दिसतं. न फोडता कसं ओळखायचं? आणि ते लाल म्हणजे कच्चं का? – एक वाचक, यवत

उत्तर : सगळे पीस तपासायची गरज नाही. एकच तपासायचा, पण तो नेमका निवडायचा. उष्णता मांसात बाहेरून आत जाते आणि जाडी दुप्पट झाली की आतपर्यंत पोहोचायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून बारीक तुकडे केव्हाच शिजतात आणि सगळ्यात मागे राहते ती मांडीसकट ठेवलेली मोठी तंगडी. ती झाली की बाकीचं झालंच. फक्त तपासायला घेताना कुठलीही घेऊ नका. पातेल्यात जिथे उकळी सगळ्यात उशिरा फुटते तिथली घ्या. चुलीवर जाळ एका बाजूला असेल तर ती जागा जाळाच्या विरुद्ध बाजूला असते. कोंबडी फ्रीजरमधली असेल तर आधी पूर्ण सुटी होऊ द्या. गोठलेला गोळा तसाच टाकला तर एका पीसवरून बाकीच्यांचा अंदाज येत नाही.

आता तुमचंच पातेलं धरू. हळद, मीठ, आलं-लसूण लावून परतलं, वर पाण्याचं ताट ठेवलं, मग वाटण आणि गरम पाणी घातलं. वेळ मोजायला सुरुवात करायची ती सगळ्या पातेल्याला एकसारखी उकळी आल्यावर. तिथून वीस मिनिटांनी मोठी तंगडी चिमट्याने उचला. खालच्या टोकाला मांस आकसून वर चढलेलं आणि हाड उघडं पडलेलं दिसेल. तंगडी आणि मांडीचा सांधा हलवला तर सहज फिरेल. सांधा रबरासारखा मागे ओढत असेल तर अजून वेळ द्या.

ही लक्षणं उपयोगी आहेत, पण ती अंदाजच देतात. सुई टोचून पांढरं पाणी येतं का बघणं तर रश्श्यात फारसं कामाचं नाही. तिखट-हळदीच्या रंगात ते पाणी दिसणार कसं? खात्री हवी असेल तर टोकदार दांड्याचा स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या. टोक मांडीच्या सगळ्यात जाड भागात, मधोमध खुपसा. हाडाला टेकू देऊ नका, नाहीतर आकडा मांसाचा येत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीसाठी ७४ अंश सेल्सिअस ही मर्यादा सांगितली आहे. तेवढ्या तापमानाला पोटदुखी-जुलाबाचे साल्मोनेलासारखे जंतू लगेच मरतात. आकडा कमी आला तर तंगडी परत रश्श्यात सोडा, दांडा गरम साबणपाण्याने धुवा, पाच मिनिटांनी पुन्हा बघा. त्याच एका भोकातून मोजलं की पीस जसाच्या तसा राहतो. थर्मामीटर बरोबर आहे का हे बघायला तो बर्फाच्या पाण्यात ठेवा, शून्य दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात मात्र शंभरची वाट बघू नका. आपला भाग समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरहून उंच आहे, इथे पाणी ९८च्या आसपास उकळतं.

राहिला लाल रंग. दुकानातली ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांची असते. तिची हाडं अजून पुरती घट्ट झालेली नसतात, सच्छिद्र असतात. शिजताना त्यांतला मगजाचा रंग झिरपून शेजारच्या मांसाला लागतो. फ्रीजरमधल्या कोंबडीत हे जास्त दिसतं. त्या लाल डागाभोवतीचं मांस बघा. ते अपारदर्शक असेल आणि त्याचे धागे सुटत असतील तर डाग मगजाचा. काचेसारखं चकचकीत, बुळबुळीत असेल तर कच्चं. सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यावर तंदुरीच्या कडेला दिसणारी गुलाबी छटा निराळी. ती निखाऱ्याच्या वायूंमुळे येते. उलट, आतलं मांस पांढरं दिसलं म्हणजे ते ७४ला पोहोचलंच असंही नाही. म्हणून शंका आली तर रंगाला विचारू नका, आकडा बघा.

गावरान कोंबडीला मात्र हा आकडा पुरत नाही. तीही ७४ला लवकर पोहोचते आणि खायला सुरक्षित होते, पण मांस चिवटच असतं. वयामुळे तिच्या मांसातले चिवट धागे घट्ट झालेले असतात आणि ते विरघळायला मंद आचेवर बराच वेळ लागतो. तिथे थर्मामीटर बाजूला ठेवा आणि मांडीत सुई घाला. सुई अडखळत असेल तर झाकण ठेवून शिजत राहू द्या. ब्रॉयलरला हीच कसोटी लावू नका. तिचं मांस मुळातच मऊ असल्याने सुई आधीच आत जाते आणि फसवते.