पट्टीवर किती विसंबायचं

हे बघ, बोडे प्लॉट हातानं काढताना निम्म्याहून जास्त चुका पेन्सिल कागदाला लागायच्या आधीच होऊन गेलेल्या असतात. म्हणून आधी फंक्शन नीट लिहून घ्यायचं. मी तुला एकच उदाहरण देतो, पण ते शेवटपर्यंत नेऊ. मोटरच्या एखाद्या पोझिशन लूपमध्ये सहज भेटेल असं हे फंक्शन:

```
G(s) = 2000 (s + 5) / [ s (s + 2)(s + 50) ]
```

हे असं दिसलं की मुलं लगेच 2000 चे डेसिबल काढतात, 66 येतात, आणि तिथून रेघ सुरू करतात. सगळा आलेख 26 डेसिबल वर जाऊन बसतो आणि तो चुकलाय हे दिसतसुद्धा नाही, कारण आकार अगदी बरोबर असतो. प्रत्येक कंसातला स्थिर आकडा बाहेर काढ: वर 5, खाली 2 आणि 50. म्हणजे 2000 गुणिले 5 भागिले 100, उत्तर 100.

```
G(s) = 100 (1 + s/5) / [ s (1 + s/2)(1 + s/50) ]
```

आता खरा गेन 100, म्हणजे 40 डेसिबल. कॉर्नर फ्रिक्वेन्सी तीन: 2 ला पोल, 5 ला झिरो, 50 ला पोल. वेगळा उरतो तो मूळ बिंदूवरचा पोल, तो नुसता s. त्याला कॉर्नर नसतो. तो पहिल्यापासून आपला उतार घेऊनच येतो. हे चारही जण चढत्या क्रमानं कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेव आणि प्रत्येकापुढे उतारात होणारा बदल लिही: –20, –20, +20, –20. ही चार ओळींची यादी म्हणजे अर्धा आलेख.

सेमीलॉग कागद चार सायकलचा घे, 0.1 पासून 1000 पर्यंत. सर्वांत लहान कॉर्नरच्या एक डिकेड आधी सुरुवात आणि सर्वांत मोठ्याच्या एक डिकेड पुढे शेवट, इतकी जागा लागतेच. मॅग्निट्यूडला तितकी लागत नाही, पण फेजला लागते. कागदावर 3 हा आकडा डिकेडच्या जवळजवळ मध्यावर येतो हे डोळ्याला सवयीचं करून घे, नाहीतर 5 ला मध्य समजून रेघा सरकतात.

पहिली रेघ 100/ω ची. ω = 1 ला ती 40 डेसिबलमधून जाते आणि दर डिकेडला 20 नं उतरते. इथे एक बारकावा आहे. एखादा कॉर्नर 1 च्या आधीच असेल, समजा 0.5 ला, तर 1 वरचा तो बिंदू प्रत्यक्ष आलेखावर नसतो, पहिल्या रेघेच्या वाढवलेल्या भागावर असतो. तेव्हा तो हलक्या ठिपक्यांनी दाखवायचा आणि रेघ 0.5 ला वळवायची. आपल्याकडे पहिला कॉर्नर 2 ला आहे, त्यामुळे ती भानगड नाही.

पुढचं गणित तोंडी होतं, कॅल्क्युलेटर लागत नाही. दुप्पट म्हणजे 6 डेसिबल, दसपट म्हणजे 20, आणि 2 चा लॉग 0.3, 5 चा 0.7. एवढ्यावर काम भागतं. 1 वरून 2 ला आलो, एक ऑक्टेव्ह, 40 मधून 6 गेले, 34. तिथे पोल आला, उतार –40 झाला. 2 ते 5 म्हणजे 0.7 वजा 0.3, 0.4 डिकेड; चाळीसच्या उतारानं 16 गेले, 18 उरले. 5 ला झिरो, उतार पुन्हा –20. 5 ते 50 नेमका एक डिकेड, 18 मधून 20 गेले, –2. तिथे शेवटचा पोल, आणि पुढे –40 नं उतरत राहायचं.

आता ताळा. मूळ फंक्शनमधला तो 2000, जो आपण सुरुवातीला बाजूला ठेवला, तो इथे कामाला येतो. फार वरच्या फ्रिक्वेन्सीला फंक्शन 2000/ω² सारखं वागतं. ω = 100 घाल: 2000 भागिले 10000, म्हणजे 0.2, म्हणजे –14 डेसिबल. आपल्या रेघेवर 50 ला –2 आणि पुढे एक ऑक्टेव्ह –40 च्या उतारानं, म्हणजे 12 खाली, –14. जुळलं. आलेखाचं डोकं 100 वरून ठरतं आणि शेपूट 2000 वरून. दोन्ही टोकं स्वतंत्रपणे काढून ती मधल्या रेघांशी जुळली की मग चूक राहायला फारशी जागा नसते. हा ताळा अर्ध्या मिनिटाचा आहे आणि तरी कुणी करत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

रेघा झाल्या की कोपरे गोल करायचे. एकट्या पोलच्या कॉर्नरवर खरी वक्ररेषा 3 डेसिबल खाली असते, आणि दोन्हीकडे एकेक ऑक्टेव्हवर 1 डेसिबल खाली. झिरोला तेवढंच, पण वर. मात्र 2 आणि 5 यांच्यात ऑक्टेव्हपेक्षा थोडंच जास्त अंतर आहे, म्हणून त्यांच्या दुरुस्त्या एकमेकींत मिसळतात: 2 ला खरा आकडा 34 वजा 3 अधिक साधारण 0.6, म्हणजे साडेएकतीसच्या आसपास. तिथे पूर्ण 3 नं खाली जाऊ नकोस.

गोल करणं ही सजावट नाही, हे क्रॉसओव्हरला कळतं. रेघांप्रमाणे आलेख 0 डेसिबलला 40 रेडियन प्रति सेकंदावर छेदतो. पण 40 हा 50 च्या कॉर्नरला खेटून आहे. 25 ला खरी रेषा 1 नं खाली, 50 ला 3 नं खाली, म्हणजे 40 ला जवळजवळ 2 नं खाली असणार. मग खरी रेषा शून्याला कुठे छेदेल? जिथे आपली सरळ रेघ अजून दीडेक डेसिबल वर आहे तिथे. वीसच्या उतारावर दीड डेसिबल म्हणजे फ्रिक्वेन्सीत सुमारे 1.19 पट. 40 भागिले 1.19, साडेतेहेतीसच्या जवळ. नेमकं गणित केलं तरी उत्तर 33.5 च येतं.

आता फेज, आणि इथे सांभाळून. पुस्तकातली रीत अशी की प्रत्येक कॉर्नरच्या एक डिकेड आधी सुरू करून एक डिकेड नंतर संपणारी, दर डिकेडला 45 अंशांची तिरपी रेघ काढायची. मूळ बिंदूवरचा पोल सगळीकडे –90. त्याप्रमाणे 0.2 पर्यंत –90, तिथून 2 चा पोल खाली ओढू लागतो, 0.5 ला झिरोची रेघ सुरू होते आणि दोघं एकमेकांना तोलतात, आलेख –108 वर सपाट. 5 पासून 50 च्या पोलची ओढ लागते. 20 ला पहिल्या पोलचं काम संपतं आणि आलेख –135 वर पुन्हा सपाट. 50 नंतर घसरण, 500 ला –180. शेवटचा आकडा बरोबर आहे का ते लगेच कळतं: तीन पोल वजा एक झिरो, दोन गुणिले 90.

टोकं बरोबर आली म्हणून मधला भाग बरोबर असेलच असं नाही. एकेका रेघेतली चूक जास्तीत जास्त सहाएक अंश असते, पण या चुका नेहमी एकमेकींना मारत नाहीत. 20 ला बघ. रेघा सांगतात –135. खरा फेज –120. तीन घटक, प्रत्येकाची चार ते सहा अंशांची चूक, आणि तिन्ही एकाच बाजूला. पंधरा अंशांचा फरक. आणि –108 चा तो सपाट भाग? 5 ला खरा फेज –119 आहे, म्हणजे इथे चूक उलट्या बाजूला. रेघांवरून वाटतं की फेज एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरतोय. प्रत्यक्षात तो 3 पासून 20 पर्यंत –117 ते –120 मध्येच रेंगाळतो, 10 च्या आसपास किंचित वर उचलतो, आणि मग पडतो.

म्हणून माझी रीत अशी: मॅग्निट्यूडला पट्टी, फेजला कॅल्क्युलेटर. फेजच्या रेघा फक्त टोकांसाठी आणि ढोबळ आकारासाठी काढायच्या, मधले चारपाच बिंदू आर्क टॅननं मोजायचे आणि त्यातला एक क्रॉसओव्हरचा हवाच. 33.5 ला:

```
–90 – atan(33.5/2) + atan(33.5/5) – atan(33.5/50)
= –90 – 86.6 + 81.5 – 33.8 ≈ –129
```

फेज मार्जिन 51 अंश. नुसत्या रेघांवर राहिला असतास तर 45 म्हणाला असतास. सहा अंश बरे वाटतात, कारण चूक सुरक्षित बाजूला पडली. क्रॉसओव्हर 5 च्या जवळ असता तर रेघांनी मार्जिन अकरा अंशांनी फुगवून दाखवलं असतं.

मॅग्निट्यूडच्या उतारावरून फेजचा अंदाज बांधायची सवय मात्र लाव. –20 चा उतार लांबवर चालला तर फेज –90 च्या जवळ, –40 चा असेल तर –180 च्या जवळ. बेल लॅब्जमधल्या हेन्ड्रिक बोडे यांनी 1940 च्या लेखात हे नातं गणितानं मांडलं. आपल्या उदाहरणात 5 ते 50 मध्ये उतार –20 असूनही फेज –90 ला टेकत नाही, कारण दोन्ही बाजूंचे –40 चे तुकडे जवळच आहेत आणि त्याला खाली खेचतात. क्रॉसओव्हरला उतार –20 ठेवायचा तर त्याच्या दोन्हीकडे पुरेशी लांबी हवी, ती यासाठी.

पण हे नातं सगळीकडे लागू नाही. झिरो (1 – s/5) असा उलट्या चिन्हाचा असेल, तर मॅग्निट्यूडची एकही रेघ बदलत नाही, तेच कोपरे, तेच उतार, आणि फेज मात्र चढायच्या ऐवजी उतरतो, 33.5 ला –129 च्या जागी –292. बूस्ट कन्व्हर्टरमध्ये असला झिरो असतोच. म्हणून कंस लिहून घेताना चिन्ह आधी बघ, आकडा नंतर.

तसाच दुसरा म्हणजे विलंब. त्याला मॅग्निट्यूड नसतो, 0 डेसिबल, म्हणून तो रेघांच्या यादीत येतच नाही आणि विसरला जातो. फेजमध्ये तो 57.3 गुणिले ω गुणिले विलंबाचे सेकंद इतके अंश खातो. आपल्या लूपमध्ये मोजमाप आणि हिशेब मिळून 10 मिलिसेकंद जात असतील, तर 33.5 ला 19 अंश गेले, आणि 51 चे 32 राहिले. प्रयोगशाळेत हे तपासायला बसशील तेव्हा फंक्शन जनरेटरवर 33.5 लावू नकोस, ते हर्ट्झ असतात; 6.28 नं भाग आणि 5.3 लाव.