साडेअकराला पडलेला पूल, एक वाजता पोचलेला साक्षीदार

महाड आणि पोलादपूरच्या दरम्यान सावित्रीवरचा जुना दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री साडेअकराच्या सुमारास वाहून गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि एक खासगी गाडी पुरात गेली. पुढच्या जूनमध्ये तिथे नवा पूल उभा राहिला. पण त्या रात्रीची गोष्ट या पट्ट्यात अजून ताजी आहे आणि ती सांगणारे पुष्कळ आहेत. ‘आमची गाडी पाचच मिनिटं आधी पार झाली’ असं म्हणणारा माणूस महाडच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर भेटतो. त्यातले बरेचजण खरंच सांगतात. महामार्गच तो, रात्रभर वाहता असतो.

पोलादपुरातल्या एका निवृत्त एसटी वाहकाने मात्र एकाची गोष्ट वेगळ्या कानाने ऐकली. काशेडी बोगद्याची एक बाजू 2023 च्या गणेशोत्सवात सुरू झाली, त्यानंतरचा हा प्रसंग. एक साहेब बाजारात येऊन बसू लागले. बचाव पथकात मुलांना लावून देतो, अर्जाचे आणि ‘वरच्या खर्चाचे’ पैसे आधी द्यायचे, असा त्यांचा प्रस्ताव होता. कोणी शंका काढली की ते सावित्रीची रात्र सांगत. आपण त्या गाडीच्या मागेच होतो, दोरी टाकून लोकांना वाचवायला धडपडलो, असं ते सांगायचे. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत आणि त्यानंतर पैशांबद्दल विचारायला जीभ रेटत नसे.

“त्या दोन गाड्यांवरचे चालक-वाहक आमचे लोक होते,” हे काका सांगतात. “म्हणून मला ती रात्र नीट ऐकायची होती. खोटं पकडायला मी बसलोच नव्हतो. मला वाटलं, या माणसाने खरंच काही पाहिलं असेल, तर आपल्याला कळेल तरी.”

काकांनी वाद घातला नाही, नुसता प्रवास विचारला. कुठून निघालात, कुठे थांबलात, काय खाल्लं. आयुष्यभर फेऱ्यांची वेळापत्रकं सांभाळलेल्या माणसाला दुसरं सुचणारही नाही. साहेब मोकळेपणाने बोलत गेले. दहा वाजता चिपळूण सोडलं, बाजारपेठेतली दुकानं बंद होत होती. भरणे नाक्यावर चहा घेतला. बोगद्यातून बाहेर पडलो तर पावसाने काच दिसेना. पोलादपुरात जेवलो. मग पुलाजवळ आलो आणि डोळ्यांदेखत गाडी गेली. चंद्राच्या उजेडात खिडकीतले हात दिसत होते.

घरी येऊन काकांनी हे जसंच्या तसं एका वहीत लिहिलं. प्रत्येक ठिकाणापुढे वेळ मांडली. चिपळूण ते पोलादपूर सुमारे सत्तर किलोमीटर. जुना काशेडी घाट, ऑगस्टचा पाऊस आणि रात्र धरली तर दोन तास कुठे गेले नाहीत. म्हणजे बारा. चहाची पंधरा मिनिटं, जेवणाचा अर्धा तास, तिथून पुलापर्यंत आणखी पाव तास. गाडी कितीही हाकली तरी साहेब एक वाजता नदीवर पोचतात. पूल साडेअकराला पडला होता. ही वेळ काकांनी लादलेली नव्हती; साहेबांनीच दिलेल्या थांब्यांची ती बेरीज होती.

बोगद्याचं तर वहीत लिहायचीही गरज नव्हती. 2016 साली काशेडीला घाटच चढावा लागे. अलीकडच्या एखाद्या प्रवासातला अंधार, दिवे आणि बाहेर पडताच आदळणारा पाऊस साहेबांनी त्या रात्रीत उचलून ठेवला होता. ऐकीव गोष्टीला आपल्या अंगावरचा तपशील जोडला की ती जिवंत होते. तो तपशील नेमका कुठल्या वर्षातून आला, इकडे मात्र सांगणाऱ्याचं लक्ष राहत नाही.

उरला चंद्र. पावसाने काच दिसत नव्हती आणि तरी चंद्राचा उजेड होता, हे साहेबांच्याच तोंडून एका दमात आलेलं होतं. त्यात 2 ऑगस्ट 2016 हा आषाढ अमावास्येचा, दिव्याच्या अवसेचा दिवस. जुनं कॅलेंडर उघडलं की कुणालाही ते दिसतं. अमेरिकेत 1858 साली अब्राहम लिंकन यांनी वकील म्हणून एका खुनाच्या खटल्यात हेच केलं होतं. साक्षीदार म्हणत होता की चंद्रप्रकाशात त्याने मारेकऱ्याला लांबून ओळखलं. लिंकन यांनी पंचांगासारखं छापील वार्षिक कोर्टापुढे ठेवलं आणि त्या घटकेला चंद्र मावळतीला टेकला होता हे दाखवलं. आरोपी सुटला.

आठवड्याने काकांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले, पण शेवटाकडून सुरुवातीकडे. पुलापाशी किती वाजले होते, त्याआधी कुठे होतात, त्याच्याही आधी? पाठ केलेली गोष्ट उलटी सांगता येत नाही. पोलादपूरचं जेवण आता ‘पार्सल’ झालं. वेळेचं विचारल्यावर चिपळूण आठलाच सोडलं असं ठरलं, मग बंद होणारी दुकानं अडचणीत आली, तर ‘पावसामुळे लवकर बंद केली’ असं उत्तर आलं. प्रत्येक भोक बुजवायला नवा तपशील येत होता. “इतक्या वर्षांनी नीट आठवत नाही,” हे एक वाक्य साहेब एकदाही बोलले नाहीत.

खरी ओळख इथे होते, असं मला ठामपणे वाटतं. चुका खरं बोलणाऱ्याच्याही होतात. भेदरलेला माणूस वेळ चुकवतो, गाडीचा रंग चुकवतो, पाच मिनिटांची पंधरा करतो. म्हणून आपल्याकडची न्यायालयंही किरकोळ तफावतीवरून साक्ष फेकून देत नाहीत. मूळ मुद्दा ढासळतो का, ते पाहतात. साहेबांची चूक रंगाची किंवा पाच मिनिटांची असती तर काकांनी वही मिटली असती. इथे माणूस त्या जागी त्या वेळी पोचतच नव्हता, आणि त्याच्या प्रत्येक दुरुस्तीचा फायदा त्यालाच होत होता.

हीच परीक्षा घर गमावलेल्या माणसावर चालवू नये. 22 जुलै 2021 ला तळियेवर दरड कोसळली. तिथल्या कुणी एकाच दिवसाबद्दल दोनदा वेगळं सांगितलं तर त्याला वहीतल्या वेळा दाखवणं निर्दयपणाचं आहे. तो आपल्याकडे काही मागत नाही. जो आपल्या आठवणीच्या भरवशावर पैसे, सही किंवा मुलाचे कागद मागतो, त्याच्याच तपशिलांची बेरीज करावी.

काकांनी वही चारचौघांत वाचून दाखवली नाही. ज्या तीन-चार घरांतून पैसे जाणार होते, तिथल्या वडीलधाऱ्यांना त्यांनी बोलावलं आणि बेरीज त्यांनाच करायला लावली. मग सगळ्यांनी मिळून साहेबांकडे भरतीच्या जाहिरातीची प्रत आणि पैशांची शिक्क्याची पावती मागितली. ‘पुढच्या सोमवारी आणतो’ म्हणून ते गेले. त्या सोमवारी आले नाहीत, नंतरही नाहीत. पैसे घरातच राहिले.

या पद्धतीतून निसटणारेही असतात, ही गोष्ट काका स्वतःच सांगतात. कमी बोलणारा, ना थांबे ना वेळा देणारा माणूस वहीत सापडत नाही. ‘मी तिथे होतो’ एवढंच म्हणून गप्प बसणाऱ्याच्या बोलण्यात विसंगती शोधून उपयोग नाही; तिथे त्याची गोष्ट बाजूला ठेवून, ज्या खात्याचं नाव तो घेतो त्या कार्यालयात स्वतः जाऊन भरती निघाली आहे का ते विचारावं लागतं. पोलादपूरहून अलिबागला जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन यायला अख्खा दिवस मोडतो. तेवढा दिवस द्यायला आता त्या घरांतली माणसं तयार असतात, आणि तोपर्यंत कागदावर सही करत नाहीत.